ॲक्शन कॅमेऱ्याची गोलाई काढली की टोकाची माणसे रुंद होतात: ढोल पथकाच्या चित्रफितीचे काय करावे?

टिपरू (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव नदीपात्रालगतच्या मैदानात चालतो. मागच्या रविवारी मी ॲक्शन कॅमेरा तिपाईवर छातीच्या उंचीला लावून अकरा ढोलवादकांची एक सरळ रांग चित्रित केली. रांगेच्या मागे कुंपणाची लांब भिंत आहे आणि रांगेच्या दोन्ही टोकांना उंच काठ्या घेऊन ध्वजधारी उभे आहेत. कॅमेरा मधल्या वादकापासून साधारण चार मीटरवर होता. त्याच्या मागे ताशेवाले आणि गाड्या असल्याने आणखी मागे सरकायला जागा नव्हती. चित्रीकरण फोर-के, १६:९ आणि वाइड असे आहे.

मूळ चित्रफितीत भिंत धनुष्यासारखी वाकली आहे आणि ध्वजाच्या काठ्या कंसासारख्या बाहेर फुगल्या आहेत. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंगाची दुरुस्ती पूर्ण लावली तेव्हा भिंत आणि काठ्या अगदी सरळ झाल्या, पण टोकाचे वादक आडवे ताणल्यासारखे दिसू लागले. मधला वादक आहे तसाच दिसतो, मात्र डाव्या टोकाच्या ताईंनी चित्रफीत पाहून सांगितले की ही मी वाटतच नाही, हे कुठेही टाकू नका. त्यांचे म्हणणे मला पटले. रेषा सरळ राहतील आणि माणसेही जशी आहेत तशी दिसतील, असा काही मार्ग आहे का? की माझे चित्रीकरणच चुकले?

अरुण-सातारा

सॉफ्टवेअरची दुरुस्ती माणसांना ताणते, हे मला मान्य नाही, कारण मी याची घरी चाचणी घेतली आहे. भिंतीवर स्टीलची चार ताटे एका ओळीत चिकटवली, त्यांतले एक चौकटीच्या अगदी कडेला येईल असे ठेवले आणि कॅमेऱ्याच्या लिनियर मोडमध्ये चित्रीकरण केले. कडेचे ताट मधल्या ताटाइतकेच गोल आले. मोजपट्टीने मोजूनही फरक सापडला नाही. तेव्हा तुमच्या प्रकल्पात ४:३ ची चौकट १६:९ मध्ये ताणली गेली असणार. प्रकल्पाची मापे आधी तपासा.

टिपरू

अरुणजी, मापे तपासली. चित्रफीत आणि प्रकल्प दोन्ही १६:९ आहेत. शिवाय सगळी चौकट ताणली गेली असती तर मधला वादकही रुंद दिसला असता. तो तसा दिसत नाही. रुंदी मधून टोकाकडे हळूहळू वाढत जाते.

भिंगवाला

अरुणजींची चाचणी खरी आहे, तिचा निष्कर्ष मात्र माणसांना लागू होत नाही. याच ठिकाणी बहुतेकांचा घोटाळा होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सरळ रेषा सरळ ठेवणारे चित्र म्हणजे कॅमेऱ्यासमोर एक सपाट काच उभी धरून, समोर जे दिसते ते त्या काचेवर गिरवण्यासारखे असते. भिंत त्या काचेला समांतर असेल तर भिंतीवरचे ताट कुठेही असले तरी गोलच गिरवले जाते. कडेचे ताट कॅमेऱ्यापासून दूर असते आणि तिरके दिसते, आणि काचेवरचा ताण हे दोन्ही परिणाम नेमके भरून काढतो. पण डोके म्हणजे ताट नव्हे. डोके चेंडूसारखे आहे. चेंडू कुठूनही पाहिला तरी तिरका दिसत नाही, त्यामुळे भरून काढण्यासारखे काही नसतानाही काच त्याला ताण देतेच आणि तो बाहेरच्या दिशेने लांबट होतो. अरुणजींनी ताटाच्या जागी टांगलेला चेंडू घेतला, तर कडेला तो अंड्यासारखा दिसेल.

हा ताण किती, ते मोजता येते. कॅमेऱ्याच्या मध्यरेषेपासून जितक्या अंशांवर डोके आहे, त्या कोनाच्या कोज्येने १ ला भागावे. २५ अंशांवर उत्तर १.१० येते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ३५ अंशांवर १.२२ येते, तेव्हा ओळखीच्या चेहऱ्यात काहीतरी खटकते. ५० अंशांवर ते १.५६ होते. धागाकर्त्यांची रांग चार मीटरवर आहे. वादक साधारण ९५ सेंटिमीटर अंतराने उभे असतील तर टोकाचा वादक ५० अंशांवर येतो, म्हणजे त्या ताई दीडपटीहून अधिक रुंद दिसत आहेत. उंची मात्र मधल्या वादकाएवढीच राहते, आणि उंची तीच राहून रुंदी वाढल्यामुळे डोळ्याला ते लगेच खुपते.

सॉफ्टवेअर येथे चुकलेले नाही. इतक्या रुंद दृश्याला सपाट काचेवर दुसरे उत्तरच नसते. उत्तर हवे असेल तर काच थोडी वाकवावी लागेल किंवा कॅमेरा मागे न्यावा लागेल.

घाटवाट

मलाही हाच त्रास आहे. मी हेल्मेटवर कॅमेरा लावून वरंध घाटातून मोटारसायकल चालवतो. गोलाई काढल्यावर रस्त्याच्या कडेचे दगडी कठडे प्रत्येक धक्क्याला जेलीसारखे लवतात. दुरुस्तीचे आकडे बदलून पाहिले तरी हलणे थांबत नाही. यावर उपाय काय?

भिंगवाला

घाटवाट, तुमचा त्रास वेगळा आहे. तुमच्या कॅमेऱ्यात स्थिरीकरण चालू असणार. ते प्रत्येक फ्रेममधून निराळा तुकडा कापून घेते, त्यामुळे भिंगाचा मध्य चित्रात एका जागी राहत नाही आणि आपली दुरुस्ती मात्र तो मध्यावरच आहे असे धरून चालते. कॅमेऱ्यातले स्थिरीकरण बंद करून चित्रीकरण करा आणि नंतर Gyroflow मध्ये तुमच्या कॅमेऱ्याचे भिंग निवडून स्थिरीकरण आणि गोलाई ही दोन्ही कामे एकत्र करा. ते कॅमेऱ्याच्या जायरोची नोंद वापरते, म्हणून मध्य कुठे सरकला हे त्याला कळते. अधिक बोलायचे असल्यास वेगळा धागा काढा, मी तेथे येतो.

धागाकर्त्यांनाही विचारतो: तिपाईवर असताना स्थिरीकरण बंद होते ना? आणि सुपरव्ह्यू नव्हता ना? सुपरव्ह्यूमध्ये ४:३ चे चित्र कडांना अधिक ताणून १६:९ केलेले असते, त्यामुळे खाली मी जे सुचवणार आहे ते त्याला सरळ लागू पडणार नाही.

टिपरू

स्थिरीकरण बंद होते आणि मोड साधा वाइड होता.

भिंगवाला

मग काम सोपे आहे. आधी ठरवावे लागेल की कोणत्या रेषा सरळ राहिल्याच पाहिजेत. उभ्या रेषा सरळ ठेवून माणसांची रुंदी आवरता येते, पण त्याची किंमत आडव्या रेषांना थोडे वाकून चुकवावी लागते. पानिनी प्रक्षेपण हेच करते. त्यात एक आकडा असतो. तो ० असेल तर चित्र सपाट काचेसारखे येते, १ केला तर क्षितिजाच्या उंचीवरची डोकी अजिबात ताणली जात नाहीत.

तुमच्या टोकाच्या वादकासाठी, म्हणजे ५० अंशांवर, हिशेब असा येतो. आकडा ० असताना डोके १.५६ पट रुंद होते आणि भिंतीची वरची कड सरळ राहते. आकडा १ असताना डोके जसेच्या तसे राहते, पण भिंतीची कड टोकाला मधल्या उंचीच्या ७८ टक्क्यांवर उतरते. हा वाक तुमच्या मूळ चित्रफितीतल्या वाकापेक्षा फारसा कमी नाही, म्हणून मी तिथपर्यंत जाणार नाही. ०.५ वर डोके १.१६ पट होते आणि भिंत ८४ टक्क्यांवर राहते. सोळा टक्के रुंदी ओळखीच्या माणसालाही सहसा जाणवत नाही. मी येथे थांबेन.

ffmpeg मध्ये v360 नावाचा फिल्टर आहे, त्याने हे थेट होते. पानिनी निवडल्यावर h_fov चा अर्थ कोन असा राहत नाही, तो हाच आकडा होतो. चित्र आधी चौरस काढून मग वरून-खालून कापावे लागते, नाहीतर माणसे बुटकी होतील.

```
ffmpeg -i saraav.mp4 -vf "v360=input=fisheye:output=pannini:ih_fov=118:iv_fov=66.4:h_fov=0.5:w=1920:h=1920:interp=lanczos,crop=1920:1080" -c:v libx264 -crf 18 -c:a copy saraav_pannini.mp4
```

या आकड्यांना चित्राची रुंदी जवळपास १०० अंश येते, म्हणजे मूळ ११८ अंशांपैकी दोन्ही बाजूंचे थोडेथोडे सोडून द्यावे लागतात. ११८ हा आकडा तुमच्या कॅमेऱ्याचा नसेल तर बदला, आणि iv_fov नेहमी त्याच्या ९/१६ ठेवा. आकडा बरोबर आहे की नाही हे काठ्यांवरून कळेल. काठी अजून बाहेर फुगलेली दिसली तर ११८ वाढवा, आत वाकली तर कमी करा. काठी माणसाच्या हातात तिरकी असू शकते, म्हणून पुढच्या वेळी चौकटीच्या कडेला ओळंबा टांगून दहा सेकंद चित्रीकरण करून ठेवा. त्याच्यासारखी खात्रीची उभी रेषा दुसरी नाही.

अरुण-सातारा

भिंगवाला, मी चेंडूची चाचणी केली. तुमचे म्हणणे बरोबर आहे, कडेचा चेंडू खरोखर अंड्यासारखा आला. पण मग एवढ्या आज्ञा कशाला लिहायच्या? संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीची पट्टी पूर्ण न ओढता अर्ध्यावर ठेवली तरी ताण अर्धा होतो. मी Kdenlive मध्ये तसे करून पाहिले आणि चेंडू बराच गोल झाला.

भिंगवाला

ताण कमी होतो हे खरे. घाई असेल आणि चौकटीत उभ्या रेषा नसतील, म्हणजे समुद्रकिनारा किंवा माळरान असेल, तर मीही तेच करतो. पण अर्धी दुरुस्ती सगळ्या दिशांना सारखीच अर्धी असते, त्यामुळे उभ्या रेषाही अर्ध्या वाकलेल्या राहतात. उभा माणूस हीही एक उभी रेषाच आहे. टोकाचा माणूस पायाकडून आणि डोक्याकडून आत झुकलेला आणि मध्ये बाहेर आलेला दिसतो. येथे तर दोन्ही टोकांना ध्वजाच्या काठ्या आहेत आणि त्या वाकलेल्या दिसून चालणार नाही. पानिनीत वाक फक्त आडव्या रेषांत जातो, आणि भिंतीची वरची कड थोडी उतरली तर पाहणारा ती दूर गेली असे समजून घेतो.

टिपरू

काल रात्री करून पाहिले. एक स्थिर फ्रेम काढून चेहऱ्यांची मापे पिक्सेलमध्ये घेतली. लिनियर चित्रात मधल्या वादकाचा चेहरा ३२ रुंद आणि ४६ उंच होता, तर टोकाच्या ताईंचा ५० रुंद आणि ४६ उंच. नव्या चित्रात मधला ३८ रुंद आणि ५५ उंच आहे, ताईंचा ३८ रुंद आणि ४७ उंच. म्हणजे रुंदी आता दोघांची सारखी आहे. शिवाय मधली माणसे आधीपेक्षा मोठी झाली आहेत. याचा मी विचारच केला नव्हता, पण चौकट आता भरलेली वाटते. ताईंना दाखवले, त्यांनी परवानगी दिली.

दोन अडचणी उरल्या आहेत. दोन्ही काठ्या सरळ झाल्या तरी वरच्या बाजूला एकमेकींपासून दूर जातात, जणू ध्वजधारी बाहेर झुकले आहेत. दुसरे म्हणजे रांग टोकांकडे किंचित लहान होत जाते आणि पावलांची ओळ वर चढते.

भिंगवाला

पहिली अडचण कॅमेरा खाली झुकलेला असल्याची खूण आहे. काठ्या वर फाकल्या तर कॅमेरा खाली पाहत होता, वर जवळ आल्या तर वर पाहत होता. त्याच फिल्टरमध्ये `pitch=3` घालून पाहा. काठ्या अधिकच फाकल्या तर चिन्ह उलटे करा आणि समांतर होईपर्यंत एकेक अंशाने बदला. तीनचार अंशांपर्यंत कडेला काही कमी पडणार नाही. त्याहून जास्त लागले तर चित्राच्या वरच्या कडेला मूळ चित्रच संपते, आणि मग चौकट आणखी कापावी लागेल. पुढच्या वेळी तिपाईवर पाणसळ ठेवून कॅमेरा समतल करा. समतल कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्राला ही सगळी दुरुस्ती फार सोसते.

दुसरी अडचण मी वर सांगितलेली किंमत आहे. टोकाचा वादक कॅमेऱ्यापासून चार नाही, सव्वासहा मीटरवर उभा आहे. सपाट काच ते अंतर लपवते आणि त्या बदल्यात त्याला रुंद करते. पानिनी ते अंतर थोडे उघडे पाडते.

सोनटक्का

मी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करते आणि अरुंद सभागृहांत मला हा प्रश्न रोज पडतो. माझे म्हणणे असे की संगणकावर बसण्याआधी माणसे हलवावीत. अकरा वादकांना सरळ रांगेऐवजी कॅमेऱ्याभोवती कमानीत उभे करा, म्हणजे प्रत्येकजण कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येईल. मग सिलिंड्रिकल प्रक्षेपण वापरले की पावलांची ओळ सरळ येते, सगळे सारख्या उंचीचे दिसतात आणि कुणीही रुंद होत नाही. घरच्या मंडळींचा समूह टिपताना मी टोकाच्या लोकांना दोन पावले पुढे बोलावते, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

टिपरू

सोनटक्काताई, कल्पना उत्तम आहे आणि रिंगणाच्या चालीच्या वेळी मी ती नक्की वापरेन. पण सरळ रांग हाच या चित्रफितीचा विषय आहे. एका ओळीत, एका तालात टिपरू पडते, हे दाखवायचे आहे. रांग कमानीत उभी केली आणि चित्रात सरळ दिसली, तर मैदानात प्रत्यक्ष असलेल्या लोकांना ते खोटे वाटेल.

सोनटक्का

येथे आपले मत जुळणार नाही. चित्र पाहणाऱ्याला रांग सरळ दिसली की पुरे, ती जमिनीवर कशी होती याच्याशी त्याला काय करायचे आहे? तुमच्या आताच्या चित्रात तर सरळ रांग वाकलेली दिसते, मग खरे कोणते?

भिंगवाला

सोनटक्काताईंचे गणित बरोबर आहे. कमानीत उभी असलेली, सारख्या अंतरावरची माणसे सिलिंड्रिकलमध्ये अगदी एका रेषेत येतात. फक्त मागची भिंत सरळ आहे, ती मात्र पानिनीपेक्षाही जास्त वाकेल. पन्नास अंशांवर तिची कड ६४ टक्क्यांपर्यंत उतरते. लग्नाच्या सभागृहात मागे झालरी आणि फुले असल्याने ते झाकले जाते, येथे लांबच लांब कुंपण आहे. रांग कशी दाखवावी हा प्रश्न पथकाने ठरवायचा आहे, त्यात मी पडत नाही.

मला वाटते, जागेचाच पुन्हा एकदा विचार करावा. कॅमेरा चारऐवजी आठ मीटरवर नेता आला तर त्याच रांगेचे टोक ३१ अंशांवर येते. तेवढ्या कोनात साध्या लिनियर चित्रातही ताण १.१६ एवढाच राहतो, म्हणजे आता पानिनीने जेवढा उरला आहे तेवढाच, आणि भिंतही पूर्ण सरळ राहते. कडा कापून टाकाव्या लागतील, पण फोर-के मध्ये तेवढी जागा आहे.

अरुण-सातारा

फोर-के चा मुद्दा निघालाच आहे तर विचारतो. माझा जुना कॅमेरा १०८० वरच चित्रीकरण करतो. त्यावर हेच केले तर चालेल का? चेंडूच्या चाचणीत कडा धूसर आल्या होत्या.

भिंगवाला

लिनियरमध्ये कडा धूसर येणारच. ५० अंशांवर चित्र मध्याच्या तुलनेत बाहेरच्या दिशेने जवळजवळ अडीचपट ताणले जाते आणि १०८० च्या मूळ चित्रात तेथे तेवढे पिक्सेलच नसतात. पानिनीत ०.५ वर तोच ताण दीडपट होतो, त्यामुळे धूसरपणा कमी होईल, पण जाणार नाही. अशा वेळी चित्र १२८० बाय ७२० मध्ये काढा, ते मोबाइलवर स्वच्छ दिसेल. मूळ चित्र फोर-के असेल तर १०८० काढताना हा प्रश्न येत नाही.

घाटवाट

वेगळा धागा काढतो आहे. येथील ओळंब्याची युक्ती मात्र मी आजच गॅरेजच्या दारात करून पाहिली. माझ्या कॅमेऱ्याला ११८ ऐवजी १२२ वर दोरी सरळ आली.

टिपरू

`pitch=4` वर दोन्ही काठ्या समांतर झाल्या. ही चित्रफीत आता अशीच ठेवतो. येत्या रविवारी ताशेवाल्यांना सरावाच्या आधी दहा मिनिटे बाजूला थांबायला सांगतो आणि गाड्या हलवून कॅमेरा आठ मीटरवर लावतो. दोन्ही चित्रफितींतल्या मधल्या आणि टोकाच्या चेहऱ्यांची मापे येथेच लिहीन. भिंतीबद्दल मात्र आमच्याच पथकात दोन तट पडले आहेत. ध्वजधाऱ्यांना आताचे चित्र आवडले, कारण त्यांच्या काठ्या ताठ आहेत. ढोल शिकवणाऱ्या दादांना रांगेचा वाक दिसतो आणि तो त्यांना सहन होत नाही.